पहिला तास फुकट की पन्नास रुपये?

हार्मोनियम शिक्षक, दर्यापूर तालुका: पेरण्या आटोपल्या की गायन-हार्मोनियमचा नवा वर्ग सुरू करतोय. फी महिना 400. पहिला तास फुकट डेमो ठेवू, की 50 रुपये घेऊ? फुकटात पोरं खूप येतात, पण महिन्या-दीड महिन्यात गळतात.

दुकानदार, मोर्शी: सरळ पैसे घ्या. फुकटाची कदर नसते कोणाला. मी तर म्हणतो 100 ठेवा.

तबला मास्तर, पुसद: जुलैत 100? तेव्हा शेतकऱ्याचा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. कापूस विकला की तोच बाप तीन महिन्यांची फी एकदम देतो.

गळतीचं कारण डेमोतच आहे. पंधरा पोरं, पेटी एक. मग मास्तर स्वतःच एखादं गाजलेलं भजन वाजवतात, सगळे खूश. प्रवेश घेतला की महिनाभर अलंकार. पोरगं म्हणतं, हे तर त्या दिवशी नव्हतं! 50 लावले तर चार-पाचच येतील, प्रत्येकाला बारा-पंधरा मिनिटं मिळतील. त्याचा सा काळी चारला लागतो की खाली, ते पाहा. डाव्या हातानं भाता, उजव्यानं पाच स्वर, सावकाश. कंटाळणारं पोरगं तिथंच कळतं. राहिलं तर 50 फीत वळते करा, पहिल्या महिन्याचे 350 च घ्या.

भजनी मंडळवाला, तिवसा: काहून पैसे घेता भाऊ? आमच्या गावात खंजेरी सारे बसून बसूनच शिकले. राष्ट्रसंतांच्या भजनाले कोनं फी लावली नाई.

तबला मास्तर, पुसद: भजनात बसून ताल अंगात मुरतो, कबूल. पण चुकलेल्या पोरासाठी भजन थांबवतं कोण? इथं प्रश्न पोट भरणाऱ्या मास्तरचा आहे.

भरतनाट्यम शिक्षिका, आर्वी: मी पहिले दोन तास फुकटच ठेवते. मुलींच्या आया आधी खोली पाहतात, मग वर्ग किती वाजता सुटतो, शेवटची एसटी मिळेल का, हे विचारतात. या पाहण्याचे पैसे कोण देईल? आणि अरमंडीत बसल्यावर मांड्या दुखतात त्या दुसऱ्या दिवशी. एका तासात काहीच कळत नाही.

तबला मास्तर, पुसद: दुसऱ्या तासाला किती परत येतात, ताई?

भरतनाट्यम शिक्षिका, आर्वी: निम्म्याच. पण त्या पुढे सहसा सोडत नाहीत.

हार्मोनियम शिक्षक, दर्यापूर तालुका: मग आईबापांनी येऊन वर्ग पाहणं फुकट, पोरगं पेटीवर बसलं की 50? दोन भावंडं आली तर?

तबला मास्तर, पुसद: घरामागे 50 घ्या.

दुकानदार, मोर्शी: अशानं धंदा होतो का!

भरतनाट्यम शिक्षिका, आर्वी: आणि पोराचा सूर पहिल्या दिवशी लागलाच नाही, तर ते 50 परत देणार का? लहान लेकरांचा सूर कधी कधी दोन-तीन महिन्यांनी लागतो. पैसे घेऊन त्याला पहिल्याच दिवशी पारखायचं, हे मला तरी पटत नाही.