नोटीस पिरियड कमी करून मागितला तेव्हा: बडोद्यातले अनुभव

जॉइनिंगची तारीख तोंडावर आणि नोटीस संपायला अजून महिना, या कात्रीत इथले बरेच जण सापडलेले असणार. अर्जात काय लिहिलंत, हँडओव्हर कसा मांडलात आणि शेवटी हातात काय पडलं, ते सांगा. कंपनीचं नाव नको.

मकरपुरा जीआयडीसी, खरेदी विभाग

माझा पहिला अर्ज फसला. त्यात लिहिलं होतं, '४ एप्रिलनंतर मी कामावर येऊ शकणार नाही.' साहेबांनी कागद परत सरकवला. "तू विचारतोयस की कळवतोयस?" बरोबर होतं त्यांचं. त्यातून मार्च एंड डोक्यावर.

रात्री दांडिया बाजारात घरी बसून पुन्हा लिहिला. मूळ इंग्रजीत, मजकूर साधारण असा:

'माझा राजीनामा ३ मार्च २०२५ चा असून ६० दिवसांची मुदत २ मे रोजी संपते. पुण्यात ७ एप्रिलला रुजू व्हायचे असल्याने मला ४ एप्रिलला कार्यमुक्त करावे, ही विनंती. उरलेल्या २८ दिवसांपैकी ११ दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत व १७ दिवसांची रक्कम नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे अंतिम हिशेबातून कापावी. ३१ मार्चची स्टॉक मोजणी मी पूर्ण करून देईन. हँडओव्हरचा आराखडा सोबत जोडला आहे.'

काम झालं ते स्टॉक मोजणीच्या वाक्यामुळे, असं मला वाटतं. साहेबांची भीती नेमकी तीच होती.

आराखडा एका पानाचा. पहिल्या आठवड्यात अर्धवट पीओंची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरींची यादी: कुठला माल आला, कुठला यायचाय, कुणाला ॲडव्हान्स दिलाय, कुणाचं बिल जीआरएनशी, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीशी जुळत नाही. दुसऱ्या आठवड्यात ज्युनियर माझ्या शेजारी बसेल. तिसऱ्यापासून पीओ तो काढेल, मी फक्त बघेन. ज्युनियरचं नाव मी आधी त्याला आणि साहेबांना विचारूनच घातलं. परस्पर घातलं असतं तर तोच बिथरला असता.

शेवटच्या दिवशी यादीवर दोघांच्या सह्या घेतल्या. जूनमध्ये फोन आला, एका पुरवठादाराचा ॲडव्हान्स सापडत नाही म्हणून. सह्यांच्या पानाचा फोटो पाठवला, विषय मिटला.

चूक पैशात झाली. बेसिक २४,००० धरून मी दिवसाचे ८०० प्रमाणे १३,६०० मोजले होते. नेमणूकपत्रात 'ग्रॉस' होतं. ग्रॉस ४८,०००, म्हणजे कापले गेले २७,२००. तो शब्द मी अर्ज देण्याआधी वाचला असता तर नव्या कंपनीशी बोलणी करताना ही रक्कम मागता आली असती.

रावपुरा, फार्मा

भाऊ, एवढी विनवणी कशाला? पैसे भरले की कंपनी अडवू शकत नाही. फक्त त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो, तेवढा धरा.

निवृत्त एचआर, अलकापुरी

अर्धं बरोबर आहे. 'नोटीस किंवा त्याऐवजी पगार' ही मुभा कर्मचाऱ्यालाही आहे की फक्त कंपनीला, हे ज्याच्या त्याच्या नेमणूकपत्रावर असतं. काहींमध्ये स्पष्ट असतं, 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार'. तिथे पैसे टेबलावर ठेवून निघालात तर रिलीव्हिंग लेटर अडकतं. जीएसटीचं म्हणाल तर ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानंतर नोटिशीच्या वसुलीवर तो लागत नाही.

आणखी एक. मंजुरी ईमेलवर घ्या, तारखेसकट. मी स्वतः कितीतरी जणांना तोंडी 'हो' म्हटलं असेन आणि नंतर वरून 'नाही' आलं.

वाघोडिया रोड

माझं उलट झालं होतं, कंपनीनेच मला नोटीस दिली होती. तेव्हा अर्ज कुणाला करायचा?

अलकापुरी

ताई, तो वेगळा विषय. इथे आपण स्वतःहून सोडण्याबद्दल बोलतोय.

मांजलपूर, पॅथॉलॉजी लॅब

मी अर्जच दिला नाही. फोनवर सांगितलं आणि सोमवारपासून दुसरीकडे. लॅबने पीएफमध्ये सोडल्याची तारीखच टाकली नाही, म्हणून जुनी रक्कम नव्या खात्यात जाईना. शेवटी शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावर युएएन पोर्टलवर मी स्वतःच तारीख भरली. ते जमतं, हे सांगणारं कोणी भेटायलाच वेळ लागला.

रावपुरा, फार्मा

बरं, जीएसटी मागे घेतो. पण मकरपुरावाल्यांच्या ११ रजा कशा वळत्या झाल्या? आमच्याकडे म्हणतात, नोटिशीत रजा चालतच नाही.

मकरपुरा

आमच्या एचआरनेही आधी तेच म्हटलं होतं. साहेबांनी सही केली म्हणून झालं. नियम काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

अलकापुरी

कंपनीगणिक वेगळं. माझ्याच दोन कंपन्यांत दोन तऱ्हा होत्या.