मदत हवी आहे: फोटोतलं मशीन ऑक्सिमीटर आहे की बीपीचं?

काकूंनी फोटो पाठवलाय, पण इतका जवळून की नुसती स्क्रीनच दिसतेय, वर 98 आणि खाली 72. ग्लुकोमीटर नसावं, त्यात एकच मोठा आकडा आणि बाजूला mg/dL असतं, शिवाय पट्टीही दिसत नाहीये. आता ऑक्सिमीटर असेल तर ऑक्सिजन 98 आणि नाडी 72, म्हणजे सगळं ठीक, पण बीपीचं असेल तर 98/72 जरा कमीच ना, त्यांचं एरवी 130 च्या आसपास असतं. बीपीच्या मशीनवर नाडीचा तिसरा आकडा असतो, तो कापला गेला असेल का? 98 जवळ % सारखं काहीतरी पुसट वाटतंय, त्यावरून ऑक्सिमीटर नक्की धरायचं का? फोन लागत नाहीये, दुसरा फोटो मागवलाय, त्यात नेमकं काय बघू?