कथेतला रायडर तापात गाडी काढतो. तो चुकला का?

मृदगंध
माझ्या लघुकथेत बावीस वर्षांचा डिलिव्हरी रायडर आहे. मूळचा लातूरकडचा, वारज्यात तिघांत मिळून एक खोली. जुलैतल्या एका मंगळवारी तो फ्लूने फणफणतो, ताप १०२. दिवस बुडाला तर सातशे रुपये जाणार, म्हणून मेडिकलमधून तापाची एक आणि सर्दीची एक गोळी घेतो आणि रात्री अकरापर्यंत गाडी चालवतो. शेवटी नळस्टॉपच्या सिग्नलला हेल्मेट वर करून तोंड पुसतो आणि पुढची ऑर्डर घेतो. आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून दोन तट पडले. तुम्हाला तो चुकला असं वाटतं का? आणि कथा खरी वाटते का?

पेठेतला_माणूस
चुकला. स्पष्टच लिहितो. माझी आई ८१ वर्षांची आहे, तिला दमा आहे, आणि दुपारी दार तीच उघडते. पार्सल तिच्या हातात पडतं. ताप अंगावर घेऊन माणूस दिवसात वीस-बावीस घरांच्या दारात उभा राहतो, त्यातल्या एका घरात माझी आई असते. सातशे रुपयांसाठी? मला त्याची कणव येते, पण तुमची कथा या दाराच्या आतल्या माणसाकडे बघतच नाही.

गाडीवरचा
ताई, मी साडेतीन वर्षं हेच काम करतोय, सिंहगड रोड आणि कोथरूड. तुमची कथा वाचून गलबललं, पण एक गोष्ट पटली नाही. मंगळवार.

मंगळवारी ताप आला असता तर तुमचा पोरगा झोपून राहिला असता. आमच्यातले बरेच राहतात. आमचा हिशोब दिवसाचा नाही, आठवड्याचा आहे. माझ्याच मागच्या वर्षीच्या एका आठवड्याचं सांगतो. सोमवार ते रविवार १२० ऑर्डर पूर्ण केल्या तर वर २,२०० इन्सेंटिव्ह. ११९ झाल्या तर शून्य. शुक्रवारी रात्री माझ्या ९२ झाल्या होत्या आणि शनिवारी सकाळी अंग मोडून आलं, हुडहुडी भरली.

आता बघा. शनिवारच्या २२ ऑर्डर धरा, सरासरी ३५ रुपयांनी ७७०. पेट्रोलचे २०० वजा, राहिले ५७०. नुसते एवढेच जाणार असते तर मी पांघरूण घेऊन पडलो असतो. पण शनिवार सोडला तर रविवारी एकट्याने २८ करायला हव्यात, आणि माझ्याच्याने धडधाकट असतानाही २४ च्या वर कधी झाल्या नाहीत. म्हणजे शनिवार गेला की इन्सेंटिव्ह गेलाच. एका दिवसाच्या तापाची किंमत ५७० नाही, २,७७०. त्यातून गाडीचा हप्ता ५ तारखेला.

मी काय केलं, तर दुपारभर झोपलो आणि फक्त संध्याकाळी सात ते अकरा चालवली. ९ झाल्या. रविवारी रडतखडत १९. बरोबर १२०. शेवटच्या ऑर्डरला बावधनला तिसरा मजला, लिफ्ट बंद. जिन्यात दोनदा बसलो.

पेठेतले काका, तुमच्या आईचं मी समजू शकतो. दारात ठेवून फोन करा असं ऑर्डर देताना लिहिलं तर आम्हालाही बरंच असतं.

नियमवाला
पण आता कायदा बदललाय ना? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची आहे, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि त्यात गिग कामगार आले. म्हणजे आजारपणाची पगारी रजा मिळायला हवी. कथा जुन्या काळातली ठरेल.

गाडीवरचा
सर, पगारी रजा मला तरी कोणी दिलेली नाही.

तासिकावाली
नियमवाला, तुमचं निम्मं बरोबर आहे. संहितेत गिग कामगारांची व्याख्या आली, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, असंही आलं. त्यातून अपघात, आरोग्य, म्हातारपण यांसाठी योजना काढायच्या आहेत. पण शनिवारी ताप आला म्हणून शनिवारचे पैसे द्या, असं त्यात कुठे नाही. ईएसआयमध्ये आजारपणात मजुरीच्या ७० टक्के मिळतात, पण तो पगारी कामगारांसाठी आहे. रायडरला कंपनी पार्टनर म्हणते, कामगार नाही.

मी हे इतकं वाचून ठेवलंय कारण मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे. गेल्या पावसाळ्यात ताप घेऊन साठ मुलांच्या वर्गात उभी राहिले, पुढच्या आठवड्यात पहिल्या दोन बाकांवरची मुलं गैरहजर. मला कोणी बेजबाबदार म्हटलं नाही, उलट कर्तव्यदक्ष म्हणाले. ते अजून खुपतं.

औषधवाली
मी फार्मासिस्ट आहे, कर्वेनगरला काउंटरवर बसते. सगळे पैशांवर बोलताहेत, माझं लक्ष त्या दोन गोळ्यांवर आहे. ताई, तुमच्या कथेतला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात संपवलात.

सर्दीच्या तयार गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आधीच असतं. म्हणजे त्याने एकच औषध दोनदा घेतलं. दुसरं म्हणजे तिच्यात क्लोरफेनिरामीन असतं. नाक थांबतं, पण झोप येते. घरी पडायचं असेल तर चालेल, गाडीवर नाही. काउंटरवर रायडरचा टीशर्ट दिसला की मी आधी विचारते, आता गाडी चालवणार आहात का? हो म्हणाला तर नुसतं पॅरासिटामॉल देते आणि वाफ घ्यायला सांगते. सिग्नलला डोळे मिटायला लागले, आपण कुठल्या लेनमध्ये आहोत याचा विसर पडला, की गाडी बाजूला घ्यायची, मग ऑर्डर कुणाचीही असो.

आणि गोळीने ताप उतरतो तो चार ते सहा तास. त्या वेळात माणसाला वाटतं आपण बरे झालो. फ्लू तेवढाच पसरत राहतो, आणि पहिले तीन-चार दिवस तर सर्वांत जास्त. त्यामुळे पेठेतले काका याबाबतीत बरोबर आहेत. २००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा पाहिलेल्या पुणेकराला हे वेगळं सांगायला नको. अजून एक, उतरलेला ताप दोन दिवसांनी परत चढला किंवा जिना चढताना नाही, बसल्या बसल्या धाप लागली, तर मेडिकलमध्ये येऊ नका, दवाखान्यात जा.

पेठेतला_माणूस
दारात ठेवायचं आईला सांगून पाहिलं. ती म्हणते, पावसात भिजलेल्या पोराला दार न उघडता पाठवायचं कसं. तिच्याशी कोण बोलणार. तरी माझं मत बदललेलं नाही. २,७७० रुपये हा मोठा आकडा आहे, मान्य. पण तो वाचवायचा भार माझ्या आईच्या फुप्फुसांवर का?

गाडीवरचा
तो आमच्याही अंगावर का, हे कंपनीला विचारा काका. १२० चा इन्सेंटिव्ह ९६ ऑर्डरवर सहावा हिस्सा, ११० वर अर्धा, असा पायरीपायरीने दिला असता तर मी त्या शनिवारी झोपलो असतो. ११९ ला शून्य आहे म्हणून निघालो.

नियमवाला
पण मग लोक मुद्दाम ११० वरच थांबतील.

गाडीवरचा
थांबू द्या की.

मृदगंध
मंगळवारचा शनिवार करते. गोळ्यांचा प्रसंगही काउंटरवर नेते, तिथे त्याला कोणीतरी विचारेल की गाडी चालवणार का, आणि तो खोटं बोलेल. दाराच्या आतली म्हातारी कथेत आणायची का, हे अजून ठरत नाही. आणली तर वाचक सगळा तिच्याकडे वळेल अशी भीती वाटते. गाडीवरचे दादा, तो ९२ चा आकडा तुम्हाला नेमका कसा दिसतो?

गाडीवरचा
ॲपमध्ये वरती एक हिरवी पट्टी असते ताई. ती भरत जाते, खाली किती राहिल्या ते येतं. त्या शनिवारी सकाळी डोळे उघडल्यावर थर्मामीटरच्या आधी मी तीच बघितली. २८ बाकी.