मदत हवी आहे: "जागा आतल्याच माणसाने भरली, पुढे पुन्हा निघू शकते" या मेलला काय उत्तर लिहू?

रानजाई
नमस्कार. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, ७ वर्षं झाली. दुसऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझे तीन राउंड झाले. शेवटचा राउंड प्लांटवर होता. विभागप्रमुखांनी रिजेक्ट झालेलं एक कास्टिंग माझ्या हातात दिलं, त्यात ब्लोहोल होते, आणि विचारलं, "सप्लायरकडे गेलात तर आधी काय बघाल?" मी म्हटलं, आधी हीट नंबर लावून बघेन, दोष कुठल्या हीटपासून सुरू झाला आणि त्या दिवशी तिथे काय बदललं. त्यावर वीस मिनिटं छान बोलणं झालं. एचआरने पगाराच्या स्लिपाही मागवून घेतल्या.

मग १८ दिवस काही नाही. काल एचआरमधल्या बाईंचा मेल आला. मूळ इंग्रजीत आहे, सार असं: "या जागेवर अंतर्गत उमेदवाराची निवड झाली आहे. तुमची मुलाखत चांगली झाली होती. येत्या काही महिन्यांत ही जागा पुन्हा निघू शकते, तेव्हा संपर्क करू."

मी उत्तर लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. त्यात मला किती वाईट वाटलं ते आहे, आणि पगार थोडा कमी दिला तरी मी यायला तयार आहे असंही आहे. कालपासून चार वेळा खोडलं. खरंच जागा निघणार असेल तर मला ती हवी आहे. काय लिहू?

भीमथडी
एचआरला उत्तर देण्यात वेळ घालवू नका. विभागप्रमुखांना लिंक्डइनवर गाठा आणि सरळ विचारा, जागा कधी निघणार. निर्णय तेच घेतात, एचआर फक्त निरोप्या.

सातपुडा
तुम्ही आयजेपीमधून, म्हणजे कंपनीने आपल्याच लोकांसाठी काढलेल्या जागेवर, अर्ज केला होता का? मग आधी स्वतःच्या मॅनेजरची संमती घ्यायला हवी होती. आमच्याकडे त्याशिवाय एचआर अर्ज पुढे सरकवत नाही.

रानजाई
@सातपुडा, नाही हो, मी बाहेरची उमेदवार आहे. आतला जो कोणी आहे त्याने आयजेपी टाकला असेल.

गोदाकाठ
सातपुडांचा प्रश्न चुकून आला, पण मुद्द्याचा आहे. मी ११ वर्षं भरतीचं काम केलंय, त्यातली बरीचशी कारखान्यांसाठी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आतला माणूस निवडला म्हणजे तो लगेच त्या खुर्चीत बसला असं होत नाही. त्याच्या जुन्या विभागाने त्याला सोडावं लागतं, आणि ते सहजासहजी सोडत नाहीत. हातातलं ऑडिट संपू दे, दुसरा माणूस मिळू दे, असं म्हणत एक-दोन महिने सहज जातात. कधी बदली होते, कधी जुना बॉस वरपर्यंत जाऊन ती थांबवतो. म्हणजे "पुन्हा निघू शकते" याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, बदली फिसकटली तर हीच जागा. दोन, बदली झाली तर त्या माणसाची रिकामी झालेली जुनी जागा, जी वेगळ्या कामाची किंवा वेगळ्या प्लांटची असू शकते. तीन, काहीच ठरलेलं नाही, शिष्टाचार म्हणून लिहिलंय.

यातलं नेमकं कुठलं, हे तुझ्या उत्तरातून बाहेर यायला हवं. म्हणून एकच प्रश्न विचार. पाच प्रश्न विचारलेस तर एकाचंही उत्तर येणार नाही.

तुझ्या मसुद्यातली कमी पगाराची ओळ आधी काढ. ती मेलमध्ये राहते. सहा महिन्यांनी तुला बोलावलं की समोरची बाई जुना मेल उघडते आणि बोलणी तिथूनच सुरू होतात. वाईट वाटल्याचंही एका वाक्यापलीकडे नको. तिच्याकडे अशा उत्तरांचा ढीग असतो, त्यात तुझं कास्टिंगवरचं बोलणं हरवून जातं. तेच तर लक्षात राहण्यासारखं आहे.

मी असं लिहिलं असतं (इंग्रजी तू करून घे):

"नमस्कार मॅडम, कळवल्याबद्दल आभार. ही जागा मिळाली असती तर आनंद झाला असता. प्लांटवर कास्टिंगच्या दोषावर झालेल्या चर्चेतून तिथलं काम मला नीट समजलं, आणि ते मला करायचं आहे. जागा पुन्हा निघाली तर माझा विचार जरूर करावा. माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. एक विचारायचं होतं: पुढे निघू शकेल ती हीच सप्लायर क्वालिटीची जागा असेल, की बदली होणाऱ्या सहकाऱ्याची? चालणार असेल तर पाच आठवड्यांनी मी एकदा विचारून घेईन."

विषयाची ओळ बदलू नकोस, त्याच मेलला उत्तर दे. त्यात जागेचा नंबर असतो, तिला शोधावं लागत नाही. आज-उद्यात पाठव.

उत्तरात त्या माणसाच्या रिलीजची तारीख किंवा दुसऱ्या जागेचा उल्लेख आला तर गोष्ट खरी आहे. नुसतं "नक्की कळवू" आलं तर पाच आठवड्यांनी एकदा विचार आणि मग सोडून दे. पोर्टलवर तुझ्या अर्जापुढे काय दिसतं तेही बघ. काही कंपन्यांत "रिजेक्ट" पडलं की ठरावीक महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत. तसं दिसलं तर "होल्ड" करता येईल का, हे फोनवर विचार.

@भीमथडी, तुमचं अर्धं बरोबर आहे, निवड विभागप्रमुखच करतात. पण जागा मंजूर होणं त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं, आणि एचआरला डावलून विचारलं की दोघंही अवघडतात. त्यांना दोन ओळींचे आभार जरूर लिहावेत, जागेबद्दल न विचारता.

इंद्रायणी_३
माझं सांगते. मला तर "जागा पुन्हा निघालीय, तुमचंच नाव आहे" असा फोन आला होता. घरचं कर्ज होतं, पगार वाढणार म्हणून मी ऑफर लेटरची वाट न बघता राजीनामा दिला. लेटर आलंच नाही. आठ महिने घरी होते. ताई, हातात लेटर येईपर्यंत राजीनामा देऊ नका, आणि बाकीचे अर्जही थांबवू नका.

भीमथडी
गोदाकाठ, आभाराचं पटलं. एक विचारतो. रानजाईंचा सीव्ही कन्सल्टंटमार्फत गेला होता का? गेला असेल तर आता थेट बोलावं, त्याला मध्ये आणायची गरज नाही.

रानजाई
हो, पहिला सीव्ही कन्सल्टंटमार्फतच गेला होता. मुलाखतींनंतर मात्र एचआर थेट माझ्याशीच बोलतेय.

गोदाकाठ
इथे मी उलट सांगेन. कन्सल्टंटने पाठवलेला उमेदवार ठरावीक मुदतीत घेतला तर कंपनीला त्याची फी द्यावी लागते. मुदत किती, ते त्यांच्या करारात असतं, आपल्याला दिसत नाही. नंतर त्यावरून वाद झाला तर ऑफर मध्येच अडकते. म्हणून त्याला एक मेसेज टाक की असा मेल आलाय आणि मी उत्तर दिलंय.

भीमथडी
मला हे अजून पटत नाही. फी हा कंपनीचा आणि त्याचा प्रश्न. त्याला कळलं की तो त्याच जागेसाठी आणखी चार जणांना पाठवणार.

रानजाई
मेल पाठवला होता. आज दुपारी उत्तर आलं. बदली होणाऱ्या माणसाचीच जागा रिकामी होणार आहे, आणि ती वाळूजच्या प्लांटवरची आहे, इन-प्रोसेस क्वालिटीची. तो महिनाअखेर सुटला की मंजुरीला टाकतील. माझी इच्छा आहे का, असं विचारलंय.

काम तेच नाही, आणि मुलगी दुसरीत आहे. सासूबाई इथे सांभाळतात म्हणून माझी नोकरी चालते. शुक्रवारपर्यंत कळवते असं लिहिलंय. वाळूजला इन-प्रोसेसमध्ये कोणी काम केलंय का? तिथून पुढे सप्लायर क्वालिटीला जाता येतं का, की माणूस लाइनवरच अडकतो?