मदत हवी आहे: 'पाणी' थीमवर सगळ्या विषयांचा एकत्र आराखडा, सोमवारी द्यायचाय

रसायनवाली
नमस्कार. मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये जाहीर केलंय की तीन आठवडे सगळे विषय 'पाणी' या एकाच थीमभोवती शिकवायचे. आराखडा मी करायचा, कारण "तुमचं विज्ञान आहे, तुम्हाला जमेल". मी मधोमध 'पाणी' लिहून भोवती जाळं काढलं: विज्ञानात पाण्याचे गुणधर्म, भूगोलात जलचक्र, इतिहासात जुन्या विहिरी आणि बारव, गणितात टाकी भरण्याची उदाहरणं, मराठीत पावसाच्या कविता. जाळं झकास दिसतंय, पण मंगळवारी तिसऱ्या तासाला वर्गात जाऊन नक्की काय करायचं ते त्यातून कळत नाही. पोर्शन कोणी कमी करणार नाहीये. कोणाकडे तयार पीडीएफ असेल तर टाका प्लीज.

पनवेलचा_पालक
आमच्या मुलीचं होतं की एकात्मिक पुस्तक! बालभारतीने सगळे विषय एकत्र करून चार भाग केले होते, एका वेळी एकच भाग न्यायचा. दप्तर खरंच हलकं झालं होतं. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते, उतरवून घ्या.

रसायनवाली
ते प्राथमिकचं हो. एका पुठ्ठ्यात सगळे विषय शिवलेत, पण आत गणित वेगळं आणि मराठी वेगळं. माझा प्रश्न हायस्कूलचा आहे.

तासिका_क्र_८
इयत्ता कोणती? बोर्ड कोणतं? महिना कोणता? आणि बाकीचे शिक्षक तयार आहेत का, की आराखडा तुमचा आणि सह्या त्यांच्या?

रसायनवाली
नववी, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम, दोन तुकड्या. जुलैत करायचंय. मी बीएस्सी केमिस्ट्री, नववीचं सगळं विज्ञान माझ्याकडेच. भूगोल ज्या बाई घेतात त्यांची बीएडची पद्धती इतिहासाची, भूगोल त्या वाचून वाचून शिकवतात, हे त्या स्वतःच सांगतात. गणिताचे सर म्हणाले, "कविता बिविता तुम्ही बघा, मला प्रमेयं संपवू द्या." मराठीच्या बाई तयार आहेत.

जगाच्या_पुढे
आपण अजून पोर्शनमध्येच अडकलोय. फिनलंडने शाळेतून विषयच काढून टाकले, तिकडे फक्त थीम शिकवतात. रोग विषयतज्ज्ञ शिक्षकांमध्ये आहे.

हेलसिंकीकर
काढले नाहीत हो. माझी दोन्ही मुलं इथल्या शाळेत आहेत. गणिताला गणिताचा तास आणि गणिताचाच शिक्षक असतो. २०१४ साली अभ्यासक्रमाचा आराखडा झाला, तो २०१६ पासून लागू आहे. त्यात वर्षातून निदान एक तरी बहुविषयक घटक करा असं म्हटलंय. वर्षातून एक! बाकी बातम्यांनी फुगवलं.

जगाच्या_पुढे
तरी आपल्यापेक्षा बरंच.

भूगोल_निवृत्त
ताई, ते जाळं बाजूला ठेवा. जाळ्यात प्रत्येक विषयाला पाण्याचा एकेक थेंब मिळतो, पण कुठल्याच विषयाला दुसऱ्याची गरज पडत नाही. थीम घेऊ नका, असा एक प्रश्न घ्या जो एका विषयाने सुटतच नाही, आणि शिक्षक फक्त दोन घ्या. ही कल्पना नवी नाही. १९३७ ला वर्ध्यात नयी तालीम मांडली गेली तेव्हाही हेच होतं, आधी हातातलं काम आणि त्या कामाला लागेल तेवढा विषय. त्याला समवाय म्हणत. पुढे समवायाच्या नावाखाली चरख्यावर ओढूनताणून गणितं रचली गेली, तेव्हा त्याचंही हसं झालं.

तुमच्यासाठी प्रश्न सुचवतो: "या महिन्यात शाळेच्या छपरावर पडलेलं पाणी साठवलं असतं तर आपल्याला किती दिवस पुरलं असतं?" नववीच्या भूगोलात 'वृष्टी' आहे, तिथे पर्जन्यमापक येतो. पोरांना तो बनवायला लावा. एक नरसाळं, खाली एक बरणी. सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, हवामान खात्याचीही तीच वेळ.

आता खरी गंमत. नरसाळ्याचं तोंड १२ सेंटीमीटर आणि बरणी ८ सेंटीमीटर व्यासाची असेल, तर बरणीत पट्टी बुडवून ४५ मिलिमीटर दिसतात. पोरं वहीत ४५ लिहितात. आपल्या महसूल मंडळाचा आकडा कृषी विभागाच्या महारेन साइटवर असतो २० च्या आसपास. पोरं म्हणतात सरकार खोटं बोलतं! मग गणिताच्या सरांना बोलवायचं. १२ भागिले ८ म्हणजे दीड, दीडचा वर्ग सव्वादोन, आणि ४५ ला सव्वादोनने भागलं की २०. वर्ग का करायचा, नुसत्या दीडने का नाही भागायचं, हे भूगोलाचा शिक्षक सांगू शकत नाही आणि ते सांगितल्याशिवाय भूगोल पुढे सरकत नाही. सर प्रमेयं सोडून आपणहून येतील.

तासिका_क्र_८
काका, हे पटलं. पण एक अडचण. गणित भाग २ मध्ये घनफळाचं प्रकरण अगदी शेवटी आहे, आमच्याकडे फेब्रुवारी उजाडतो. पाऊस जुलैत. दोघांची गाठ पडत नाही.

भूगोल_निवृत्त
वृत्तचितीचं घनफळ आठवीत झालंय, नववीचं लागतच नाही. आणि गुणोत्तर-प्रमाण भाग १ मध्ये आहे, म्हणजे पहिल्याच सत्रात. सरांनी ते प्रकरण आठ दिवस अलीकडे ओढलं की झालं. एवढ्यासाठी वर्षभराचं वेळापत्रक हलवायची गरज नाही.

काटकोन
मी गणितच शिकवतो. पुढचा भाग मी सांगतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर, हे पोरांनी स्वतः काढलं पाहिजे, सांगू नका. मग छपराचं पृष्ठफळ. समजा पत्र्याची दोन पाखी, प्रत्येक २५ मीटर लांब आणि उतारावर ६ मीटर. दोन्ही मिळून ३०० चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६००० लिटर. सोपं आहे, उगाच बाऊ करू नका.

भूगोल_निवृत्त
सर, हिशोब बरोबर, छप्पर चुकलं. पाऊस वरून पडतो, त्याला पत्र्याचा उतार दिसत नाही. छपराखाली जमिनीवर जेवढी जागा झाकली जाते तेवढंच क्षेत्र धरायचं. उतार ३० अंशांचा असेल तर ३०० चे २६० होतात आणि पाणी ५२०० लिटर. त्यातलंही भिजण्यात, उडण्यात, पन्हाळीबाहेर जाण्यात काही जातं. पत्र्याला ८० टक्के हाती लागतं असं धरा, म्हणजे ४१६० लिटर.

काटकोन
वारा असेल तर पाऊस तिरका पडतो, मग एका पाख्यावर जास्त पडेल.

भूगोल_निवृत्त
एका पाख्यावर जास्त, तर दुसऱ्यावर कमी. पण मुद्दा चांगला काढलात, हाच वाद वर्गात होऊ द्या. दोन गटांना दोन पद्धतींनी मोजायला लावा आणि ८०० लिटरचा फरक का आला ते लिहायला सांगा.

काटकोन
त्रिकोणमिती घनफळाच्या आधीचं प्रकरण आहे. कोज्या ३० फेब्रुवारीत शिकवताना हेच छप्पर परत घेता येईल, ते मात्र मला आवडलं.

शुद्धलेखन_रक्षक
मी मराठी शिकवते. ताई, पावसाच्या कविता काढून टाका म्हणणार होते, काकांनी नकळत काढल्याच! दर एकात्मिक प्रकल्पात मराठीला रांगोळीसारखं दारात बसवतात. आमच्या उपयोजित लेखनात बातमी लेखन आहे, पत्रलेखन आहे. पोरांना त्या ४१६० लिटरची बातमी लिहू द्या. ४१६० हा आकडा कोणत्या तारखेच्या पावसाचा, छप्पर किती, ८० टक्के का धरले, हे शंभर शब्दांत बसवणं कवितेच्या रसग्रहणाइतकंच अवघड आहे. माझ्या वर्गातली अर्धी मुलं "मुबलक पाणी" लिहून मोकळी होतात आणि आकडा गाळतात.

रसायनवाली
काका, सर, खूप मदत झाली. पण यात माझं विज्ञान कुठेच नाही! आणि भूगोलाच्या बाई घाबरल्यात. म्हणाल्या, मुलांनी वर्गात विचारलं वर्ग का करायचा, तर मी काय सांगू?

भूगोल_निवृत्त
नसेल तर नसू द्या, ओढूनताणून पीएच मोजायला लावू नका. साठवलेलं पाणी पिता येईल का असं मुलांनी विचारलं, तर तुमचा तास आपोआप निघेल. बाईंना सांगा, दोघांनी आधीच ठरवून घ्या की कोणता प्रश्न कोणाकडे जाणार. "हे सर सांगतील, वहीत लिहून ठेवा" म्हणायला लाज कसली? दोघांनी एका वर्गात उभं राहायची पण गरज नाही. फक्त तास लागोपाठ हवेत, चौथा भूगोल आणि पाचवा गणित. मध्ये दोन दिवस गेले की मुलांना प्रश्नच आठवत नाही.

पुणे_आयबी
मी आयबी शाळेत आहे. आमच्या मिडल इयर्स प्रोग्रॅममध्ये दरवर्षी निदान एक आंतरविद्याशाखीय युनिट सक्तीचं असतं. अनुभवाने सांगते, सगळं अडतं ते एकत्र बसायच्या वेळेवर. आम्हाला टाइमटेबलमध्येच सामायिक प्लॅनिंग तास मिळतो. मुख्याध्यापकांकडे पीडीएफ नेण्याआधी तो तास मागा. दोन्ही शिक्षकांचा एकच ऑफ तास, आठवड्यातून एक.

तासिका_क्र_८
ऑफ तास! आमच्याकडे ऑफ तास दिसला की बदली तासाचा कागद येतो. वर मधूनमधून निवडणुकीचं काम.

पुणे_आयबी
मान्य. पण मग तीन आठवड्यांचं करू नका, सहा-आठ तासांचं करा.

पनवेलचा_पालक
आमच्या सोसायटीने रेन हार्वेस्टिंग बसवलंय, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायला व्हॉल्व्ह ठेवला नाही, टाकीत सगळा गाळ. हे पण शिकवा पोरांना.

रसायनवाली
हे उपयोगी आहे, हाच माझा तास होईल.
आता गुणांचं सांगा. गणिताला २० अंतर्गत आहेत, सामाजिक शास्त्रांनाही आहेत. वही एकच, मग गुण कोण देणार? सर म्हणतात चुकीचा वर्ग केला तर शून्य. बाई म्हणतात रोज साडेआठला येऊन मोजलं, त्याचं काय?

काटकोन
एका वहीवर दोन स्वतंत्र गुण. नोंदींचा तक्ता बाई तपासतील, हिशोब सर. एकमेकांच्या भागात पेन घालायचं नाही.

पुणे_आयबी
मग ते एकात्मिक कुठे राहिलं? दोन विषय जोडता आले का, याला गुण हवेत. तिसरा निकष ठेवा: आपला आकडा आणि महारेनचा आकडा वेगळा का आला, हे स्पष्ट करणं.

काटकोन
आणि तो निकष कोणाच्या २० मध्ये बसवायचा? बोर्डाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

पुणे_आयबी
नाही, हे खरंय.

रसायनवाली
यावर उत्तर नाही वाटतं. बरं, दोन विषय, आठ तास, एक प्रश्न असं लिहून देते. सर अजून कुरकुरतायत, पण नरसाळं घरून आणतो म्हणाले. शेवटचं एक: रविवारी शाळा बंद, मोजणार कोण?

भूगोल_निवृत्त
कोणीच नाही. सोमवारी मोजलेलं पाणी दोन दिवसांचं आहे असं तक्त्यात लिहायचं, दोनने भागून रविवार भरायचा नाही. महिन्याची बेरीज बरोबर येते, फक्त रोजच्या आलेखात तो स्तंभ वेगळ्या रंगाने दाखवा. बरणी उतू जाईल असा पाऊस वाटला तर शनिवारी मोठी ठेवा, आणि मोठीचा व्यास वहीत नव्याने लिहून ठेवा, नाहीतर तुमचा सव्वादोन चुकेल. भिंतीला लागून ठेवू नका, भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब असू द्या.