अनुभव धागा: पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’ आणि फोन उचलणारं कोणी नाही, तेव्हा तुम्ही काय केलं?

ठिबक, तुषार, शेततळं, शिष्यवृत्ती, कुठलाही अर्ज असो. आपल्या भागात प्रत्येक गावात असा माणूस सापडतो ज्याचा अर्ज पोर्टलवर महिनोन्‌महिने ‘अंडर रिव्ह्यू’ आहे. हेल्पलाइन लागत नाही, तालुक्याला गेलं तर “ऑनलाइन आहे, आमच्या हातात काही नाही” एवढंच ऐकायला मिळतं. गेल्या हंगामात आमच्याकडच्या एका कास्तकाराने ठिबकसाठी सावकाराकडून पैसे उचलले, अनुदान आलं की फेडू म्हणून. व्याज चढतंय आणि स्क्रीनवरची दोन अक्षरं काही बदलत नाहीत. मला हे बघवत नाही, म्हणून हा धागा.

नुसती तक्रार नको. अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर अडकला होता आणि ते तुम्हाला कसं कळलं, तेवढं सविस्तर लिहा. कार्यालयाचं आणि माणसाचं नाव टाकू नका.

संत्राबाग (वरुडकडे)

माझं प्रकरण ठिबकचं. संत्र्याची बाग, सहा बाय सहा मीटरची लागवड. पूर्वसंमती मिळाली, संच बसवला, बिल अपलोड केलं. कृषी सहाय्यक मोका तपासणीला आले, बागेत उभं करून माझा फोटोही काढून नेला. त्यानंतर स्टेटस हललंच नाही.

मी पोर्टलवर तक्रार टाकली. थोड्या दिवसांनी ती ‘संबंधित कार्यालयास अग्रेषित’ असा शेरा मारून बंद झाली. पुन्हा टाकली, पुन्हा तसंच. तेव्हा ठरवलं की आता कागदावरच जायचं. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहिला. त्यात अर्ज क्रमांक, पूर्वसंमतीची तारीख, बिल अपलोड केल्याची तारीख आणि स्टेटसच्या पानाची प्रिंट जोडली. प्रिंटवर त्या दिवसाची तारीख दिसेल अशी काढली. दोन प्रती नेल्या, एक त्यांना दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. क्लार्क म्हणाला, “शिक्क्याची गरज नाही, ठेवून जा.” मी शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसून राहिलो.

उत्तर आलं नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, म्हणून मोजून लिहिला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. त्यातला मुख्य भाग असा:

“अर्ज क्रमांक … आपल्या कार्यालयास कोणत्या तारखेस प्राप्त झाला, तेव्हापासून आजपर्यंत तो कोणकोणत्या पदनामाच्या लॉगिनवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, त्याची तारीखनिहाय माहिती द्यावी. मोका तपासणी अहवालाची प्रत द्यावी. अर्जावर त्रुटी नोंदवली असल्यास त्या नोंदीची प्रत द्यावी. सदर अर्जाचे अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी द्यावी.”

‘का अडवला’ असं कुठेही विचारलं नाही. कारण विचारलं की “हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही” असं उत्तर देऊन मोकळे होतात. तारीख आणि पदनाम मात्र रेकॉर्डवर असतं, ते द्यावंच लागतं.

अभिलेख बघायला बोलावलं तेव्हा खरी गोष्ट उघडली. ज्या कृषी सहाय्यकाने तपासणी केली त्याची बदली झाली होती. त्याने कागदावर अहवाल लिहून ठेवला होता, सहीसकट, पण पोर्टलवर फोटो आणि अहवाल चढवायचा राहून गेला. आमच्या गावचा कार्यभार दुसऱ्या सहाय्यकाकडे दिला, पण पोर्टलमध्ये गाव त्याच्या लॉगिनला जोडलंच नव्हतं. म्हणजे अर्ज अशा लॉगिनवर होता जे कोणी उघडतच नव्हतं. तालुक्याच्या माणसाने माझ्यासमोर प्रलंबित यादी उघडली, त्यात माझा अर्ज नव्हता. अर्ज क्रमांक टाकून शोधला तेव्हा दिसला. “आमच्याकडे पेंडिंग काही नाही” हे ते खरंच सांगत होते.

जिल्ह्याच्या कार्यालयातून गाव नव्या लॉगिनला जोडून घेतलं आणि अर्ज पुढे सरकला. आमच्याच गावातले आणखी काही अर्ज त्याच ठिकाणी पडून होते, तेही सुटले. त्यामुळे तुमच्याकडे सहाय्यकाची बदली झाली असेल तर पहिली शंका हीच घ्या.

आर्णीचा वकील-विद्यार्थी

एवढा खटाटोप कशाला? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आहे ना. मुदत संपली की 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, पुढे दुसरं, मग आयोग. अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. सगळ्या सरकारी अर्जांना हा कायदा लागू आहे.

निवृत्त अव्वल कारकून

दंडाचं आणि अपिलाचं बरोबर आहे, ‘सगळ्या अर्जांना’ हे नाही. तो कायदा अधिसूचित सेवांनाच लागू होतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वय-अधिवासाचं प्रमाणपत्र असल्या गोष्टींत तो जोरात चालतो. प्रत्येक कार्यालयाने सेवांची यादी, मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम फलकावर लावणं बंधनकारक आहे. तुमची सेवा त्या फलकावर असेल तर आजच अपील करा. नसेल तर अपिलात वेळ जाईल.

संत्राबाग यांनी शिक्क्यासाठी बसून राहिले ते लिहिलं, त्यावर थोडं सांगतो, कारण मी आयुष्यभर त्याच टेबलावर बसलो. कार्यालयात आलेला कागद आवक नोंदवहीत चढतो, तिथून ज्या लिपिकाचं काम असेल त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत जातो. त्याने किती कागद निकाली काढले, किती शिल्लक, याचा गोषवारा साहेबापुढे ठेवावा लागतो. पोर्टलवरचा अर्ज या नोंदवह्यांत कुठेच नसतो. तो वर्षभर पडला तरी लिपिकाच्या शिल्लक आकड्यात एकाने वाढ होत नाही. तुमचा साधा अर्ज आवक क्रमांकासह आत गेला की पहिल्यांदा तुमचं प्रकरण त्याच्या नावावर शिल्लक म्हणून दिसायला लागतं.

अर्जात एक वाक्य घाला: 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त प्रलंबित राहू नये. भाषा नम्रच ठेवा, धमकी नको. शिक्का द्यायला नकार दिला तर वाद न घालता पोस्टातून पाठवा आणि पोच जपून ठेवा.

माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, स्टॅम्प वीस रुपयांचं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर अर्जाला फी लागत नाही, प्रत जोडा. दुसरं अपील अमरावती किंवा नागपूर खंडपीठाकडे जातं, पण तिथे नंबर लागायला फार काळ जातो. त्याच्या भरवशावर राहू नका.

पांढरं_सोनं

मायं काम थोडं येगळं हाय. माया अर्जावर मोबाइल नंबर जुना हाय, तो बदलाचा कसा? सिम हरपलं. ओटीपी येतच नाई.

गावातला सेवा केंद्रवाला

दादा, तुमचा प्रश्न वेगळा नाही, इथेच बसतो. मी केंद्र चालवतो. आधारला जो नंबर जोडला आहे तो आधी आधार केंद्रावर जाऊन बदला, बायोमेट्रिक देऊन होतो. नंतर पोर्टलच्या प्रोफाइलमधला नंबर बघू.

आता सगळ्यांसाठी. कितीतरी अर्जांत मोबाइल नंबर शेतकऱ्याचा नसतोच. गर्दीत ओटीपी पटकन यावा म्हणून केंद्रवाला स्वतःचा नंबर टाकतो. मग त्रुटी निघाली, सातबारा अस्पष्ट आहे किंवा बिलावरचा गट नंबर जुळत नाही, की मेसेज केंद्रवाल्याच्या फोनवर जातो. त्याच्याकडे असे शेकडो मेसेज. शेतकऱ्याला वाटतं साहेबाने अडवलं, आणि अर्ज खरं तर त्याच्याचकडे दुरुस्तीसाठी परत आलेला असतो. बाहेरच्या पानावर नुसतं स्टेटस दिसतं. लॉगिन करून अर्जाच्या आत जा, तिथे शेरा असतो. म्हणून तालुक्याला जायच्या आधी तेवढं करा, आणि पुढचा अर्ज भरताना नंबर स्वतःचाच आहे ना ते पावतीवर तपासा.

पोरीची आई, हिंगणघाट

माझ्या मुलीच्या शिष्यवृत्तीचं असंच. ‘छाननी सुरू’ दिसत होतं, आम्ही समजत होतो समाजकल्याणकडे आहे. मी तिथे गेले तर तिथल्या बाईंनी बसवून घेतलं, कॉम्प्युटरवर दाखवलं, अर्ज त्यांच्याकडे पोचलाच नव्हता. कॉलेजच्या क्लार्कने तपासून प्राचार्यांच्या लॉगिनला पाठवला होता आणि तिथे अडला होता. त्या बाईंना मी विसरणार नाही, त्यांच्यामुळेच कळलं कुठे जायचं ते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राचार्यांना लेखी दिलं, संध्याकाळी अर्ज पुढे गेला. तेव्हा ज्यांना वाटतं वरच्या कार्यालयात जाऊन उपयोग नाही, त्यांनी एकदा तरी जाऊन ‘तुमच्या लॉगिनला दिसतो का’ एवढंच विचारावं.

कापूसकरी, दारव्हा

माझा अर्ज सगळ्या टेबलांवरून मंजूर आहे. माहिती अधिकारात तसं लेखी आलं. पैसे मात्र नाहीत, “निधी उपलब्ध होताच” असं उत्तर. अशा वेळी काय करायचं?

निवृत्त अव्वल कारकून

आधी बँकेत जाऊन आधार खात्याला जोडलेलं आहे आणि एनपीसीआयकडे तेच खातं दिसतंय याची खात्री करा. पैसे सुटून परत गेलेले असू शकतात. ते ठीक असेल आणि खरंच निधी नसेल, तर तालुक्यातल्या मंजूर अर्जांची तारीखनिहाय यादी आणि कोणाला कधी अनुदान गेलं ते मागा. तुमच्या नंतरच्या माणसाला आधी मिळालं असेल तर ती यादी घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात जाता येईल. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज आधी द्यावा लागतो, त्या दिवशी थेट जाऊन चालत नाही. पण खरोखर कोणालाच मिळालं नसेल तर माझ्याकडे उपाय नाही, खोटं सांगणार नाही.

घाटंजीची ताई

मी वाचत होते सगळं. आमच्या यांच्या नावाने अर्ज होता, शेततळ्याचा. छाननीत असतानाच ते गेले. सातबारावर आता माझं नाव आलंय, वारस फेरफार झाला. पोर्टल अजून त्यांच्याच आधारचा ओटीपी मागतं. कार्यालयात म्हणतात नवीन अर्ज करा. तळं खोदून झालंय, नवीन अर्जात ‘काम सुरू न केलेले’ असं लिहून द्यावं लागतं. खोटं कसं लिहू?

संत्राबाग (वरुडकडे)

ताई, खोटं मुळीच लिहू नका, उद्या वसुली निघेल. वारस फेरफाराची प्रत, मृत्यूचा दाखला आणि पूर्वसंमती जोडून कागदी अर्ज द्या, अर्जदाराच्या जागी वारसाचं नाव घेण्याबाबत जिल्ह्याकडून मार्गदर्शन मागवावं असं त्यात लिहा, आणि शिक्का घ्या.

गावातला सेवा केंद्रवाला

आमच्याकडे असं एक प्रकरण आलं होतं, लॉगिनमध्ये आधार बदलायची सोय मला सापडली नाही. वरून कोणी बदलू शकतं का, इथे कोणाला माहीत असेल तर ताईंसाठी लिहा.