Re: Re: बाबांच्या नंबरवरून पैशाचा मेसेज आला तर पाठवू नका!!

प्रणाली:
ज्येष्ठांच्या ग्रुपात बाबांच्या नावाने "अर्जंट वीस हजार टाका, संध्याकाळी देतो" आलंय ते बाबा नाहीत, प्लीज कोणी पाठवू नका. काल दिग्रसच्या एसटी स्टँडवर एक पोरगा आला, मोबाईल पडला म्हणे, माय दवाखान्यात हाय, एक फोन लावू द्या काका. बाबांनी मोबाईल हातात दिलाच नाही, तू नंबर सांग मीच लावतो म्हणाले. लावला, काहीतरी इंग्रजीत आलं, पोरगा "लागत नाही काका" म्हणून निघून गेला. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅप बाहेर पडलं. दादा फोन लावतोय तर बाबांचा फोन वाजतच नाही, दुसराच कोणी उचलतो. सिम बंद करून टाकायचं का? कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

सुधीरकाका:
बँकेला आधी कळव. आणि बाबांनी ओटीपी कोणाला तरी सांगितलाच असणार, वयस्कर माणसं सांगतात आणि मग आठवत नाही.

मकरंद:
काका, ओटीपी सांगायची गरजच पडत नाही यात. प्रणाली, बाबांना विचार नंबर कसा होता, आधी स्टार होता का? स्टार, ४०१, स्टार आणि पुढे दहा आकडे, असा लावला की बाबांचे सगळे कॉल त्या दहा आकड्यांवर वळतात. मग तो आपल्या मोबाईलवर बाबांच्या नंबरने व्हॉट्सअ‍ॅप चालू करतो, मेसेजचा कोड बाबांकडेच जातो, पण तो थांबून "कॉल करून कोड सांगा" निवडतो आणि तो कॉल त्याच्याकडे वाजतो. सिम बंद करू नकोस, आत्ता तेच आपल्या कामाचं आहे.

नितीन:
ते स्टारवाले कोड दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावलेत, मी वाचलंय. त्यामुळे हे शक्यच नाही.

मकरंद:
आदेश निघाला हे खरं, पण मग दादाचा फोन कोण उचलतोय सांग. बाबांच्या सिमवर काय चालतं आणि काय नाही ते मी इथून सांगू शकत नाही. म्हणून कोडच्या भानगडीत न पडता फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडा, पहिल्याच ओळीत परका नंबर दिसेल, तो बंद करा. नाही जमलं तर `##002#` लावून बघा. मग शेजारच्याच्या मोबाईलवरून बाबांना फोन करा. वाजला तरच पुढे जा.

वंदना:
ही लिस्ट कार्यक्रमाच्या घोषणांसाठी आहे हे मी मागच्या कोजागिरीलाही सांगितलं होतं. बाकी बाबांना नमस्कार सांगा.

सुधीरकाका:
वंदना, माणूस अडचणीत आहे. आमच्या आर्णीच्या बाजारात मावशीने असाच एकाला फोन दिला होता, तो खरंच मुलीला फोन करत होता, रडत होता बिचारा. म्हणजे आता कोणालाच द्यायचा नाही का?

मकरंद:
द्या ना काका. फक्त साधा दहा आकडी नंबर असेल तरच लावा. स्टार नाहीतर हॅश म्हटलं की थांबायचं, स्वतः लावत असलात तरी. बाबांनी फोन हातातच ठेवला होता, तरी फसले ते याचमुळे. आणि हातात दिलाच तर डोळ्यासमोर ठेवा, नाहीतर सेटिंगमधूनही हेच करता येतं.

प्रणाली:
शेजारच्या रमाकाकूंनी सेटिंग उघडून दिलं, नंबर होताच तिथे!! काढला, आता फोन वाजतोय. बाबा म्हणतात "स्टार म्हंटलं होतं त्यानं, मले वाटलं बाहेरगावचा नंबर असंल". मेसेजवर कोड आला, टाकला, तर आता सहा आकडी पिन मागतंय, बाबांनी कधी ठेवलाच नाही.

मकरंद:
त्याने ठेवला. अंदाजाने टाकत बसू नका. मेसेजचा कोड टाकलात तेव्हाच तो बाहेर पडला, आता बाबांच्या नावाने लिहू शकत नाही. पण पिनशिवाय आत यायला सात दिवस थांबावं लागेल. त्याला जुन्या चॅट दिसत नाहीत, फक्त ग्रुप दिसतात, म्हणून मेसेज तिथेच आले. बाबांच्या गावातल्या शेतकरी ग्रुपातही सांगा, कापसाचे पैसे आता सगळ्यांच्याच हातात असतील. कोणी पाठवलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

नितीन:
पण मग दूरसंचारचा आदेश काय कामाचा?

वंदना:
सात दिवस म्हणजे भजनाच्या सरावाचे मेसेज बाबांना कसे मिळणार? प्रणाली, तू पेटीच्या वेळा फोनवर सांग त्यांना. ते पहिली चाल परत बदलायला सांगत होते.